शंभर टक्के वसुली: दिघ्यातले पाच दिवस

सोमवार

सांगलीहून रात्रभर एसटीत बसून सकाळी खोपटला उतरले तेव्हा पाऊस असा होता की स्टेशनपर्यंत रिक्षावाल्याने मीटर टाकायच्या आधी माझ्या बॅगेकडे बघून "ती भिजंल" एवढंच सांगितलं. लॉजवर सामान टाकून ठाण्याच्या नऊ-दहा नंबर प्लॅटफॉर्मवरून ट्रान्स हार्बरची गाडी धरली आणि दिघा गावला उतरले. हे स्टेशन २०२४ च्या जानेवारीत सुरू झालं. त्याआधी इथे येणारे लोक ऐरोलीला उतरून रिक्षा करायचे, असं शाखेतल्या शिपायाने सांगितलं.

काम ठरलेलं होतं. गटकर्ज देणाऱ्या एका संस्थेची ही शाखा, जूनअखेरचं अंतर्गत लेखापरीक्षण, हातात पाच दिवस. मी आणि माझ्याबरोबर सीएची आर्टिकलशिप करणारी एक मुलगी. शाखेचे सुमारे दोन हजार कर्जदार, सगळ्या बायका, पाच-पाच जणींचे गट, तीन गटांचं एक केंद्र. महिन्यातून एकदा केंद्राची मीटिंग भरते आणि तिथेच फिल्ड ऑफिसर हप्ता गोळा करतो. तारण काही नाही. एकीने हप्ता बुडवला तर गटातल्या बाकीच्यांनी तो भरायचा, हेच तारण.

शाखा व्यवस्थापकांनी चहाबरोबर आकडे पुढे ठेवले. जूनची वसुली शंभर टक्के. मे शंभर टक्के. एप्रिल शंभर टक्के.

पावसाळ्यात, भाड्याच्या खोल्यांच्या वस्तीत, एमआयडीसीतल्या कंत्राटी कामावर जगणाऱ्या घरांकडून सलग तीन महिने एकही हप्ता चुकला नाही! माझ्या कामात नव्व्याण्णव टक्के ऐकलं की मी वही उघडते आणि शंभर ऐकलं की चष्मा पुसते.

दिवसभर कागद बघितले. रोजच्या वसुलीची रक्कम आणि बँकेत भरणा केल्याच्या स्लिपा रुपयाला रुपया जुळत होत्या. कर्जाच्या फायलींत ओळखपत्रं, फोटो, गटाच्या सह्या, सगळं होतं. एक गोष्ट मात्र हसू आणणारी. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ३ लाखांपर्यंत असेल तरच हे सूक्ष्मकर्ज, आणि सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्याच्या आत हवेत. इथे फाईलमागून फाईल उत्पन्न २४,००० रुपये. म्हणजे वर्षाला २ लाख ८८ हजार. धुणीभांडी करणारी, भाजी विकणारी, नवरा रिक्षावर असलेली, नवरा नसलेली, सगळ्यांचं एकच. ते नोंदवलं, पण शंभर टक्क्यांचं उत्तर त्यात नव्हतं.

उत्तराचा वास संध्याकाळी लागला, आणि तोही नसलेल्या गोष्टीचा. मुदतीआधी कर्ज फेडणाऱ्यांची यादी काढली. दर महिन्याला अशा बायका असतातच. भिशी लागते, गावची जमीन विकली जाते, किंवा दुसरं मोठं कर्ज हवं म्हणून पहिलं मिटवलं जातं. शाखेतल्या बाकी सगळ्या फिल्ड ऑफिसरांच्या केंद्रांत अशी दोन-चार नावं होती. एकाच्या अठरा केंद्रांत मात्र मार्चपासून एकही नाही. कुणालाच कर्जातून लवकर सुटायचं नव्हतं म्हणे.

मंगळवार

कुठल्या केंद्रांना भेट देणार हे शाखेला मी सकाळी निघतानाच सांगते. आदल्या दिवशी सांगितलं की रात्रीत बायकांची हप्त्यांची कार्डं "पूर्ण" होतात. आठ केंद्रं निवडली, त्यांतली तीन त्या अठरांपैकी. बरोबर त्या केंद्राचा ऑफिसर न घेता दुसराच घेतला, वाट दाखवण्यापुरता. वस्तीत शिरल्यावर तोही चहाच्या टपरीवर थांबला.

इलठाणपाडा डोंगराला लागून आहे. खालचा रस्ता बरा. वर चढत गेलं की पायऱ्या, आणि पायऱ्यांवरून पाणी. आर्टिकलची चप्पल पहिल्या वळणावरच तुटली. एका मावशीने सुतळी दिली. मावशी जतच्या निघाल्या. माझं सांगलीकडचं बोलणं ऐकून म्हणाल्या, "आमच्याकडचीच की तू! मग घरात ये, उंबऱ्यावर का उभी?" पुढच्या तीन दिवसांत माझ्या ओळखपत्राचा जेवढा उपयोग झाला नाही तेवढा त्या हेलांचा झाला.

घरभेटीचं तंत्र साधं आहे, पण क्रम चुकला की वाया जातं. आधी चेहरा फाईलमधल्या फोटोशी जुळवायचा. मग कार्ड मागायचं, आणि त्यावरच्या नोंदी आपल्या कागदावर उतरवून घ्यायच्या. संस्थेच्या संगणकातला उतारा तोवर पिशवीतच ठेवायचा. तो आधी दाखवला की बाई त्यात लिहिलंय त्यालाच मान डोलावते. प्रश्नही "तुम्ही ५ तारखेला २,११५ भरले ना?" असा नाही विचारायचा. "शेवटचा हप्ता कधी दिला, कुणाच्या हातात दिला, त्याने काय दिलं?" असा विचारायचा आणि गप्प बसायचं.

आणि शेजारणीला काही सांगायचं नाही. "त्या ताई कुठे भेटतील?" एवढंच. कुणाच्या डोक्यावर किती कर्ज आहे हे गल्लीला कळवायला आपण आलेलो नाही. त्या दिवशी एका दारात चार बायका जमल्या, तेव्हा मी जनगणनेची वाटावी असे प्रश्न विचारत पंधरा मिनिटं काढली.

पहिल्या केंद्रात पंधरांपैकी नऊ जणी भेटल्या. सहा दारांना कुलूप. कुलूप दिसलं की नवा तपासणीस "बनावट कर्जदार" लिहून मोकळा होतो. यातल्या चार जणी ऐरोलीत धुण्याभांड्याला जातात, दोन वाजल्यानंतर येतात. म्हणून माझ्या वहीत तीन रकाने असतात: व्यक्ती भेटली, घर सापडलं पण व्यक्ती नाही, घरच सापडलं नाही. दुसऱ्या रकान्यातल्यांकडे परत जायचं, वेगळ्या वेळी. दुपारी परत गेले, चौघी भेटल्या.

उरलेल्या दोन खोल्यांचं कुलूप धूळ खात होतं. खोलीमालकीण म्हणाली, एकीच्या नवऱ्याची कंपनी सुटली, मार्चमध्येच सगळे गावाला गेले. दुसरी नायरला की सायनला ॲडमिट होती, मग भावाकडे गेली.

संगणकाच्या उताऱ्यात दोघींचेही हप्ते एप्रिल, मे, जून, जुलै, प्रत्येक ५ तारखेला जमा.

बुधवार

गावाला गेलेली बाई हप्ता पाठवू शकते. भावाकडून भरता येतो, गटातल्या बायका मिळून भरू शकतात. गटकर्ज त्यासाठीच तर असतं. म्हणून बुधवारी त्याच गटातल्या उरलेल्या तिघींकडे गेले.

इडलीवाल्या ताईंनी सरळ सांगितलं, "आम्ही नाही भरला बाई त्यांचा. सर म्हणाले होते भरा म्हणून. माझेच देताना नाकी नऊ येतात. मग सर परत काही बोलले नाहीत." दुसरीनेही तेच सांगितलं. सर परत काही बोलले नाहीत! वसुलीवाला थकबाकीवर गप्प बसतो, हे दिघ्यातल्या पावसाने अचानक थांबावं तसंच.

तिसऱ्या ताई फॉल-पिकोचं काम करतात. मशिनीवर साडी, अंगावर मापाची टेप. कार्ड मागितलं तर म्हणाल्या, "माझं तर मिटलं. मार्चमध्येच."

उताऱ्यात त्यांचं कर्ज चालू होतं. जुलैचा हप्ताही जमा.

त्यांनी फळीवरून बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढला. त्यात रेशनकार्ड, मुलीची मार्कशीट, आणि खाली प्लॅस्टिकच्या पिशवीत गुलाबी कर्जकार्ड. ४०,००० चं कर्ज, २४ महिने, हप्ता २,११५. चौदा नोंदी ओळीने. चौदाव्या हप्त्याची तारीख ५ मार्च, आणि त्याखाली त्याच तारखेला निळ्या शाईत: "१९,००० पूर्ण भरणा", सही. सही आधीच्या चौदा नोंदींसारखीच.

"भिशी लागली होती. म्हटलं, मिटवून टाकावं. या दोघी सुटणार हे दिसतच होतं, मग त्यांचं माझ्याकडं मागतील. त्यापेक्षा आपण गटातूनच बाहेर."

या वाक्यावर मी लिहायची थांबले. एकमेकींची जबाबदारी घेतली म्हणजे वसुली पक्की, असं आपण धरून चालतो. पण गटातल्या सगळ्यात सावध बाईला तीच जबाबदारी आधी दिसते, आणि ती हातात पैसा येताच निघून जाते. मागे उरतात त्या अडलेल्या. आणि निघणाऱ्या बाईचे एकरकमी पैसे नेमके त्याच वेळी ऑफिसरच्या हातात पडतात.

खोलीतच हिशेब मांडला, मापाच्या टेपेशेजारी. चौदा हप्त्यांनंतर दरसाल २४ टक्क्यांनी मुद्दल उरतं ते साधारण १९,०००च. म्हणजे ताईंकडून घेतलेली रक्कम बरोबर होती. ऑफिसरने ती जमा दाखवली नाही, घरीही नेली नाही. पुढे दर महिन्याला त्यातून तीन हप्ते भरले. दोन पळालेल्यांचे, आणि तिसरा स्वतः शिवणवाल्या ताईंचा. कारण त्यांचं कर्ज कागदावर जिवंत होतं आणि त्याचाही हप्ता येत राहायला हवा होता. महिन्याला तीन हप्ते, तीन महिने, नऊ हप्ते. नऊ गुणिले २,११५ म्हणजे १९,०३५. वरचे ३५ रुपये त्याच्या खिशातले असावेत.

ह्याची टोपी त्याच्या डोक्यावर. शाखेत बसून ही कधीच सापडत नाही, कारण केंद्राच्या पंधरा हप्त्यांचे ३१,७२५ रुपये दर महिन्याला बँकेत खरोखर जमा होत होते. स्लिप खरी, शिक्का खरा, रक्कम खरी. फक्त पैसे कुणाचे, हे स्लिपवर लिहायची पद्धत नाही.

ताईंना भरण्याचा एसएमएस येत नव्हता का? "आधी यायचा. मार्चनंतर बंद झाला. कर्जच मिटलं तर कशाला येईल?" खरंय. पण मग त्यांनीच आठवून सांगितलं, मे महिन्यात मुलीच्या नर्सिंगच्या फीसाठी बँकेत गेल्या तेव्हा तिथल्या माणसाने "तुमचं एक कर्ज चालू दिसतंय" म्हणून परत पाठवलं. त्यांना वाटलं, त्याच्याच मशिनीत घोळ.

संध्याकाळी शाखेत ग्राहकांच्या माहितीत केलेल्या बदलांची नोंद मागितली. ही नोंद सहसा कुणी मागत नाही. व्यवस्थापकांना ती कुठे मिळते हे मुख्य कार्यालयाला फोन करून विचारावं लागलं. ६ मार्च, म्हणजे भरणा केल्याच्या दुसऱ्याच दिवशी, शिवणवाल्या ताईंचा मोबाईल नंबर बदलला होता. त्याच नंबरवर पळालेल्या दोघींचेही एसएमएस जात होते. आणखी एक: मीटिंग सकाळी अकराला, बाकी बाराजणींच्या नोंदी अकरा ते साडेअकरा, आणि या तिघींच्या दर महिन्याला रात्री आठनंतर, पाठोपाठ.

ठाण्याला परत येताना गाडी विटाव्याच्या अलीकडे बराच वेळ उभी होती. आर्टिकलने विचारलं, "पण मॅडम, जूनमध्ये पैसे संपले. मग जुलैचे हप्ते कुठून आले?"

पोरगी चांगली सीए होणार.

गुरुवार

तिचा प्रश्न घेऊनच निघालो. ५ जूनला पहिली पुंजी संपली असेल, तर ५ जुलैच्या आत कुठेतरी दुसरी मिळालेली असणार, आणि तीही याच ऑफिसरच्या केंद्रांत. आठांची निवड बाजूला ठेवली आणि त्याच्या अठराही केंद्रांत जायचं ठरवलं. फोनवरून विचारून भागणार नव्हतं, नंबरांवरच विश्वास उरला नव्हता.

ऐरोलीच्या चिंचपाड्यात चौथ्याच दारात सापडली. भाजी विकणाऱ्या मावशी. १० जूनला अठरावा हप्ता देताना सर म्हणाले, सगळं एकदम भरा, लगेच मोठं लोन काढून देतो. मावशींनी व्याजाने आणून ११,८५० रुपये भरले. नवं लोन आलंच नाही, सर "आज होतंय, उद्या होतंय" करतायत.

आता जुलैपासून महिन्याला तीनऐवजी चार हप्ते भरायचे, कारण मावशींचंही कर्ज कागदावर चालू ठेवावं लागणार. चार हप्ते म्हणजे ८,४६०. मावशींच्या रकमेतून जुलै निघाला आणि उरले ३,३९०. पहिली पुंजी तीन महिने पुरली, दुसरी एकच. ऑगस्टला तिसरी बाई लागली असती, आणि मग पाच हप्ते. असा प्रकार आपण पकडला नाही तरी तो स्वतःच फुटतो. फक्त तोवर फसलेल्या बायका वाढलेल्या असतात.

बाकी केंद्रांत असं तिसरं काही निघालं नाही. पाच घरं मात्र पाण्यामुळे गाठता आली नाहीत, ती तिसऱ्या रकान्यात नाही, दुसऱ्यातच लिहिली.

शुक्रवार

ऑफिसरला सकाळी बोलावलं. चोविशीचा पोरगा, परभणीकडचा, दिघ्यातच तिघांत एक खोली घेऊन राहतो. मी कार्डाची झेरॉक्स पुढे ठेवली आणि गप्प बसले. तो बराच वेळ त्या निळ्या सहीकडे बघत राहिला.

"मॅडम, एक पैसा खाल्ला नाही."

खोटं बोलत नव्हता असं मला वाटतं, आणि ते मी अहवालात लिहिलं नाही, कारण ते माझं काम नाही. रोज संध्याकाळी शाखेच्या ग्रुपवर थकबाकी विचारली जाते. ज्याची शून्य त्याला अंगठा, ज्याची नाही त्याचं नाव सगळ्यांपुढे. महिन्याचा इन्सेंटिव्ह केंद्रात एकही थकीत नसेल तरच. एप्रिलमध्ये दोघींचा हप्ता नाही हे त्याने व्यवस्थापकांना सांगितलं होतं, असं तो म्हणाला. व्यवस्थापकांना तसं आठवत नव्हतं. दोन्ही जबाब एकाखाली एक लिहिले आणि दोघांच्या सह्या घेतल्या.

मग व्यवस्थापकांशी तारखांवरून वाद झाला. ते म्हणत होते, "जूनअखेरच्या आकड्यांत काही फरक पडत नाही ना? नव्वद दिवस कुठे झाले होते?" हिशेब त्यांनी बरोबर केला होता. दोघींचा पहिला चुकलेला हप्ता ५ एप्रिलचा, ३० जूनला ८६ दिवस. हप्ता चुकलेलं कर्ज अनुत्पादक ठरायला नव्वद दिवस लागतात, ते ४ जुलैला पूर्ण झाले. पण ८६ दिवस म्हणजे एकसष्ट ते नव्वदमधला शेवटचा धोक्याचा टप्पा, आणि पुस्तकात दोघी शून्य दिवसांवर होत्या. शिवाय शिवणवाल्या ताईंच्या नावावर जूनअखेर सुमारे १३,७०० रुपये येणं दाखवलं होतं, जे मार्चमध्येच फिटलंय. भाजीवाल्या मावशींचंही तसंच. थकीत कर्ज लपलं ते एक, आणि नसलेलं कर्ज मालमत्तेत मोजलं ते दुसरं. रक्कम लहान आहे हे मान्य. पण रक्कम लहान आहे ती आपण जुलैत आलो म्हणून.

अहवालात मी तीनच गोष्टी मागितल्या. मुदतीआधीचा भरणा रोखीत ऑफिसरच्या हातात घ्यायचाच नाही, बँकेत किंवा शाखेत. नंबर बदलला की जुन्या नंबरवरही एसएमएस जायला हवा. आणि दर महिन्याला प्रत्येक ऑफिसरची दोन केंद्रं दुसऱ्याने घ्यायची, न सांगता. हे तिसरं कागदावर आधीपासून होतं म्हणे, माणसं कमी म्हणून बंद पडलं.

दुपारी शिवणवाल्या ताईंना शाखेत बोलावलं. कर्ज फिटल्याचा दाखला संस्थेने द्यायलाच हवा होता. कार्डावर त्यांच्याच माणसाची सही आहे. व्यवस्थापकांनी लेटरहेडवर तो टाईप केला, शिक्का मारला. कुणाचं कोणतं कर्ज चालू आहे हे बँका जिथे बघतात, त्या क्रेडिट ब्युरोकडची नोंद दुरुस्त करायचा अर्जही तिथेच भरून घेतला. ताईंना समजावून सांगितलं: तीस दिवसांत दुरुस्ती व्हायला हवी, नाही झाली तर पुढच्या प्रत्येक दिवसाचे १०० रुपये भरपाई मागता येते. "मुलीचं ॲडमिशन तीस दिवस थांबतंय होय?" त्या म्हणाल्या. त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. दाखल्याची एक प्रत घेऊन आजच बँकेत जा, एवढंच म्हणाले.

त्यांनी दाखला दोनदा वाचला. नाव, रक्कम, तारीख. तारीख ५ मार्च आहे ना, हे बोट ठेवून बघितलं. मग डबा उघडून कार्डाच्या पिशवीत सरकवला. डबा पदराखाली धरूनच आणला होता.

"ताई, ते कार्ड इथे जमा करा," व्यवस्थापक म्हणाले. "फाईलला लावायचंय."

"झेरॉक्स काढा," त्या म्हणाल्या, "मी थांबते."